वलयावर वलय

स्टेरॉइड संयुगांच्या रेणूत चार वलये एकमेकांना बाजू जोडून बसलेली असतात आणि त्यांपैकी तीन सहा-सहा कार्बनांची असतात. असा रेणू प्रयोगशाळेत घडवावयाचा, तर असलेल्या वलयाच्या कडेवर दुसरे वलय बांधण्याची रीत हवी. ती रॅप्सन व रॉबर्ट रॉबिन्सन यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. मायकेल समावेशन व आल्डॉल संघनन या दोन परिचित विक्रिया तीत एकीपाठोपाठ एक घडून येतात.

उदाहरणार्थ, २-मिथिल-१,३-सायक्लोहेक्झेनडायोन हे संयुग घेऊ. त्याच्या वलयात दोन कार्बोनिल गट असून त्यांच्या मधल्या कार्बनावर एक मिथिल गट व एकच हायड्रोजन असतो. कार्बोनिल गट दोन्ही बाजूंनी इलेक्ट्रॉन ओढीत असल्यामुळे हा हायड्रोजन सौम्य क्षारकानेही सुटतो. मागे राहिलेला ऋणभारित कार्बन मिथिल व्हायनिल कीटोनाच्या द्विबंधाच्या मोकळ्या टोकाशी जोडला जातो. ही झाली मायकेल विक्रिया. आता मूळ वलयाला चार कार्बनांची शेपटी आली असून तिचा तिसरा कार्बन कार्बोनिल गटाचा आहे.

पुढे ही शेपटी वळते. तिच्या टोकाचा कार्बन हायड्रोजन गमावून वलयातील शेजारच्या कार्बोनिल कार्बनाला भिडतो. शेपटीचे चार व जुन्या वलयाचे दोन मिळून सहा कार्बनांचे वलय पुरे होते. शेपटीचा दुसरा कार्बनही असाच भिडू शकेल. परंतु त्याने होणारे वलय चार कार्बनांचे व ताणलेले असते. आल्डॉल विक्रिया उलटही फिरत असल्यामुळे असे वलय टिकत नाही. सहाचे वलय मात्र पाण्याचा एक रेणू टाकून द्विबंध निर्माण करते व स्थिरावते.

विक्रिया कोठवर आली हे रेणुभारावरून कळते. १२६ व ७० भारांचे दोन रेणू जुळून १९६ भाराचा ट्रायकीटोन बनतो आणि त्यातून १८ भाराचे पाणी गेले की १७८ भाराचा व्हीलांड-मीशर कीटोन हाती येतो. १९६ वरच थांबल्यास पाणी अद्याप गेलेले नाही असे समजावे. क्षारक तीव्र असल्यास मिथिल व्हायनिल कीटोनाचे रेणू आपापसांतच जुळून चिकट पदार्थ होतो. म्हणून १९३७ मध्ये रॉबिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कीटोन विक्रियापात्रातच हळूहळू निर्माण होईल अशी योजना केली.

एक अडचण मात्र राहिली. ट्रायकीटोनाच्या वलयातील दोन्ही कार्बोनिल गट सारखेच असल्याने शेपटी डावीकडे वा उजवीकडे सारख्याच प्रमाणात वळते आणि एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असलेल्या दोन रेणूंचे मिश्रण मिळते. निसर्गातील स्टेरॉइडांना यांपैकी एकच रूप चालते. ट्रायकीटोनाचे वलय मिटविताना प्रोलीन हे ॲमिनो अम्ल वापरल्यास एक रूप बरेच अधिक मिळते, हे १९७१ मध्ये दाखविण्यात आले. प्रोलीन स्वतःच एका हाताचे असल्यामुळे शेपटीला बहुतांशी एकाच बाजूस वळविते.