अपडेट निम्म्यावर असताना वीज गेली तर?

2017 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या लॉकस्टेट कंपनीने आपल्या वायफायवरच्या कुलपांना नवं फर्मवेअर पाठवलं. फर्मवेअर म्हणजे उपकरणाच्या चिपमध्ये राहून ते उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर. पाठवलेलं फर्मवेअर दुसऱ्याच मॉडेलचं निघालं आणि सुमारे 500 कुलपं कोड टाकून उघडेनाशी झाली. कंपनीने लगेच दुसरं अपडेट का पाठवलं नाही? कारण त्या बिघाडात कुलपांचा इंटरनेटशी संबंधच तुटला होता. शेवटी ग्राहकांना कुलपाचा मागचा भाग काढून कंपनीकडे पाठवावा लागला, नाहीतर बदली कुलपाची वाट बघावी लागली.

असा प्रसंग टाळण्याची सोय आज स्वस्तातल्या चिपमध्येही आहे. घरगुती उपकरणांत सर्रास सापडणारी ईएसपी32 ही चिप घेऊ. तिच्यासोबत बहुतेक वेळा 4 एमबीची फ्लॅश मेमरी असते. या मेमरीत लिहिलेल्यावर नुसतं पुन्हा लिहिता येत नाही. आधी 4 केबीचा तुकडा पुसायचा, मग त्यात लिहायचं. फर्मवेअरला एकच जागा असेल तर नवं उतरवताना जुनं पुसत जावं लागतं. मध्येच वीज गेली की धड जुनं नाही, धड नवं नाही.

म्हणून मेमरीत फर्मवेअरसाठी दोन सारख्या जागा आखतात. प्लग पहिल्या जागेतून चालू असतो आणि नवं फर्मवेअर दुसरीत उतरतं. निम्म्यावर वीज गेली तरी पहिलीला धक्का लागलेला नसतो. प्लग पुन्हा जुन्यावरच सुरू होतो आणि डाउनलोड नव्याने करतो. पूर्ण उतरल्यावर फाइलचा हिशेब तपासला जातो. एक बाइट जरी चुकली तरी तो जुळत नाही.

मग ‘आता दुसऱ्या जागेतून सुरू हो’ अशी नोंद करायची. नेमकी ही नोंद लिहिताना वीज गेली तर? त्याचीही काळजी घेतलेली आहे. नोंदीसाठी 4 केबीचे दोन तुकडे असतात आणि ते आलटून पालटून वापरले जातात. प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक आणि तपासणीची बेरीज असते. चिप सुरू होताना चालणारा छोटा प्रोग्रॅम, बूटलोडर, बेरीज जुळणाऱ्यांपैकी मोठ्या क्रमांकाची नोंद मानतो. अर्धवट नोंद आपोआप बाद होते.

इथवर वीज जाण्याचा प्रश्न सुटला. पण लॉकस्टेटची अडचण वेगळी होती. तिथे फर्मवेअरच चुकीचं होतं. फाइलवर चिपचा प्रकार लिहिलेला असतो, पण एकच चिप प्लगमध्येही असते आणि कुलपातही. त्यामुळे उत्पादनाचं नाव आणि मॉडेल वेगळं तपासलंच पाहिजे. त्यातूनही चूक निसटली तर नव्या फर्मवेअरला आधी चाचणीवर ठेवायचं. पहिल्यांदा सुरू होताना बूटलोडर त्याच्यावर PENDING_VERIFY अशी खूण करतो. सगळं ठीक असेल तर फर्मवेअरने स्वतःहून तसं कळवायचं. न कळवता उपकरण पुन्हा सुरू झालं, तर बूटलोडर ते नापास ठरवून जुन्यावर परत जातो. नवं फर्मवेअर अडकून पडलं तर वॉचडॉग नावाचा टायमर चिप रीसेट करतो, म्हणजे तिथेही हीच वाट. ही सोय मात्र मुळात बंद असते. बनवणाऱ्याने ती चालू करावी लागते.

‘ठीक आहे’ हे केव्हा म्हणायचं, यातच खरी कसोटी आहे. दिवा लागला, बटण चाललं एवढ्यावर पास करणं मला धोक्याचं वाटतं. वायफाय जोडलं गेलं, कंपनीच्या सर्व्हरशी बोलणं झालं आणि पुढचं अपडेट घेता येईल याची खात्री पटली, की मगच पास करावं. अर्थात वीज परत आल्यावर राउटरला उभं राहायला प्लगपेक्षा जास्त वेळ लागतो. मुदत अर्ध्या मिनिटाचीच ठेवली तर चांगलं फर्मवेअरही नापास होईल. ती काही मिनिटांची हवी.

एक खाच तरीही राहते. सेटिंग्ज दोन्ही फर्मवेअरच्या सामाईक जागेत असतात. नव्याने वायफायचा पासवर्ड वेगळ्या पद्धतीने साठवला आणि नंतर नापास झालं, तर परतलेल्या जुन्याला तो वाचता येत नाही. म्हणून पास होईपर्यंत सेटिंग्जच्या जुन्या नोंदी तशाच ठेवाव्यात.

आपल्याला हे कळतं ॲपमधल्या फर्मवेअर व्हर्जनवरून. ‘अपडेट पूर्ण’ असा निरोप येऊनही थोड्या वेळाने तिथे जुनाच आकडा दिसला, तर बहुधा उपकरण मागे परतलं आहे. ते जुन्यावर नीट चालू असेल तर फॅक्टरी रीसेट करायची घाई करू नका; आकड्यासह कंपनीला कळवा.