जंतूची वीण आणि पेनिसिलिनची गोळी

एका गटातून प्रश्न आलाय, "गळवावर सेफॅलेक्सिनच्या गोळ्या पूर्ण घेतल्या, तरी गळू वाढतच गेलं. गोळ्या खोट्या होत्या का?"

गोळ्या खऱ्या असूनही असं होऊ शकतं. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन ही सगळी एकाच घराण्यातली औषधं, बीटा-लॅक्टम नावाची. ती जंतूवर कुठे घाव घालतात ते आधी बघू.

जंतूच्या अंगाभोवती टोपलीसारखी घट्ट वीण असते. आतून पाण्याचा मोठा दाब असतो, तो ही वीण पेलते. जंतू वाढतो तेव्हा नवे धागे घालून त्यांना गाठी माराव्या लागतात. गाठी मारणारी प्रथिनं म्हणजे त्याचे हातच समजा. पेनिसिलिनचा आकार धाग्याच्या टोकासारखा असतो. हात फसतो, धागा समजून तेच पकडतो आणि फणसाचा चीक लागावा तसा चिकटून बसतो. मग गाठी पडत नाहीत, वीण विरते, पाणी आत घुसतं आणि जंतू फुटतो. आपल्या पेशींना अशी वीणच नसते, म्हणून हे औषध जंतूला मारतं, आपल्याला नाही.

गळू करणारा जंतू बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस असतो. त्याची पहिली युक्ती म्हणजे पेनिसिलिन तोडणारी कात्री. त्या कात्रीला दाद न देणारं मेथिसिलिन आलं, पण 1961 मध्येच इंग्लंडमध्ये त्यालाही न जुमानणारे जंतू सापडले. त्यांनी औषध तोडलं नव्हतं. त्यांच्याकडे एक जादा हात आला होता. या हाताची मूठ जवळजवळ मिटलेली असते, औषध तिच्यात सहजी शिरत नाही. बाकीचे हात चिकटून निकामी झाले, तरी हा एकटा गाठी मारत राहतो. या जंतूंना एमआरएसए म्हणतात.

म्हणून इथे त्याच गोळ्या दुप्पट घेऊन उपयोग नाही. अमॉक्सिसिलिनसोबत क्लॅव्हुलॅनिक असलेली महाग गोळीही चालत नाही, कारण क्लॅव्हुलॅनिक फक्त कात्री बोथट करतं, मुठीचं काही करत नाही. व्हॅन्कोमायसिन मात्र हाताच्या वाटेला न जाता धाग्याचं टोकच झाकून टाकतं, म्हणून ते लागू पडतं. ते शिरेतून द्यावं लागतं, आजार गंभीर असेल तेव्हा. लहान गळू डॉक्टरांनी चिरून पू काढला की बरंच काम होतं.

हा जंतू नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. पू प्रयोगशाळेत पाठवतात, जंतू ताटलीत वाढवतात आणि त्यावर सेफॉक्सिटिन औषधाची छोटी चकती ठेवतात. चकतीभोवती 22 मिलिमीटर किंवा जास्त रुंदीचं मोकळं वर्तुळ पडलं, तर हे घराणं अजून चालतं. त्याहून लहान पडलं, तर जादा हात आलाय असं धरतात. हा अहवाल यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात.