दाबून धरलेला प्रकाश

थिओडोर मेमन यांनी १९६० साली माणकाचा पहिला लेझर चालवला. अशा लेझरच्या झोताचा आलेख काढला तर तो सलग दिसत नाही, बारीक काट्यांची वेडीवाकडी रांग दिसते. स्फटिकात ऊर्जा थोडी साठली की लगेच सांडते, पुन्हा साठते, पुन्हा सांडते. रॉबर्ट हेलवर्थ आणि फ्रेड मॅक्लंग यांनी त्यावर तोड काढली: दोन आरशांच्या मध्ये झडप बसवायची. झडप बंद असेपर्यंत प्रकाशाला आरशांत ये-जा करता येत नाही, म्हणून तो वाढत नाही आणि स्फटिक भरत राहतो. हेच क्यू-स्विचिंग.

आज बहुतेक ठिकाणी निओडिमियम-यॅगचा स्फटिक असतो. तो ऊर्जा सुमारे २३० मायक्रोसेकंद धरून ठेवतो. दिव्याने तो भरला की पॉकेल्स सेलवरचा हजारो व्होल्टचा दाब क्षणात बदलून झडप उघडायची. शंभर मिलिज्यूल ऊर्जा दहा नॅनोसेकंदांत बाहेर पडली, तर त्या क्षणापुरती शक्ती होते एक कोटी वॅट. उघडायला उशीर झाला तर साठा चकाकून वाया जातो. झडप नीट मिटत नसेल, तर ऑसिलोस्कोपवर मुख्य स्पंदाच्या आधीच एक उंचवटा दिसतो, आणि मुख्य स्पंद तेवढा बारकावतो.

पण या युक्तीला मर्यादा आहे. स्पंद वाढायला आणि ओसरायला प्रकाशाच्या अनेक फेऱ्या लागतात, आणि तीस सेंटिमीटर अंतरावरच्या आरशांत एका फेरीलाच दोन नॅनोसेकंद जातात. फेरीपेक्षा आखूड स्पंद हवा असेल तर वाट बदलावी लागते. ती वाट म्हणजे मोड लॉकिंग.

आरशांच्या पोकळीत प्रकाशाच्या ठरावीक कंपनसंख्याच टिकतात, त्यांना मोड म्हणतात. दीड मीटर पोकळीत शेजारच्या दोन मोडांत दहा कोटी हर्ट्‌झचा फरक असतो. एरवी प्रत्येक मोड आपल्या तालात असतो. दिंडीतले टाळ विस्कळीत वाजले तर नुसता गलका होतो, पण सगळ्यांची एक थाप जुळली तर तेवढाच एक ठोका घुमतो. मोड जुळले की दर दहा नॅनोसेकंदांनी असाच एक ठोका पडतो. तो शंभर फेमटोसेकंदांचा करायचा तर सुमारे चव्वेचाळीस हजार मोड एका तालात यावे लागतात. असा स्पंद हवेत जेमतेम तीस मायक्रोमीटर लांब भरतो, केसाच्या जाडीहूनही कमी.

जुळवणार कोण? टायटॅनियम-सफायरमध्ये स्फटिक स्वतःच. १९९१ साली स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या विल्सन सिबेट यांच्या गटाने साठ फेमटोसेकंदांचे स्पंद प्रसिद्ध केले. प्रकाश फार तीव्र झाला की स्फटिक भिंगासारखा वागतो. तीव्र झोत आकसून फटीतून निसटतो, मंद झोत कडांना कापला जातो. म्हणून प्रत्येक फेरीत बळकट काटा आणखी बळकट होतो.

गंमत अशी की, हा खेळ बहुधा आपोआप सुरू होत नाही. सुरुवातीचा काटा हवा असतो, म्हणून प्रयोगशाळेत आरशाला किंवा प्रिझमला हलकी टिचकी मारतात. टिचकी लागू पडली तर वर्णपटमापीवर ८०० नॅनोमीटरजवळची बारीक रेघ एकदम दहा नॅनोमीटर रुंद पसरते. त्या पसाऱ्यातून एखादा टोकदार सुळका डोकावत असेल, तर काही प्रकाश अजून सलगच वाहतोय असे समजायचे, आणि पुन्हा फट सरकवायला घ्यायची.