पोत्याच्या छायाचित्रावरून खतमात्रेचा हिशेब

गव्हाच्या पेरणीच्या आदल्या संध्याकाळी एक शेतकरी कृषी सहायकाला मोबाईलवर खताच्या पोत्याचे छायाचित्र पाठवतो आणि विचारतो, "साहेब, तीस गुंठ्यांना ही दोन पोती पुरतील ना?" छायाचित्रात १०:२६:२६ हे आकडे ठळक दिसत असतात. प्रश्न साधा असला तरी 'हो' किंवा 'नाही' एवढ्या उत्तराने तो सुटत नाही.

प्रथम छायाचित्र पुरेसे आहे का, ते पाहावे. २०२२ पासून अनुदानित खतांची पोती 'भारत' या एकाच नाममुद्रेखाली येतात. कंपनी कोणतीही असली तरी पोत्याची दर्शनी बाजू बरीचशी सारखीच दिसते. त्यामुळे केवळ रंगरूपावरून खत ओळखू नये. घटकांचा तक्ता आणि निव्वळ वजन स्पष्ट दिसेल असे दुसरे छायाचित्र मागवावे. संयुक्त खताचे पोते सहसा ५० किलोचे असते, तर नीम-लेपित युरियाचे २०१८ पासून ४५ किलोचे. दोन्ही पोती सारखीच धरली, तर युरियाच्या प्रत्येक पोत्यामागे पाच किलोंची चूक होते.

तक्ता वाचताना दोन ठिकाणी गफलत होते. 'उपलब्ध स्फुरद' आणि 'पाण्यात विरघळणारे स्फुरद' असे दोन आकडे दिलेले असतात. त्यांपैकी दुसरा आकडा पहिल्याचाच भाग असतो. त्यांची बेरीज करू नये. दुसरे असे की, पोत्यावरील स्फुरद P2O5 च्या आणि पालाश K2O च्या स्वरूपात मोजलेले असते. आपल्याकडील पीकशिफारशीही सामान्यतः याच स्वरूपात असतात. मात्र एखाद्या शिफारशीत शुद्ध मूलद्रव्य म्हणून P आणि K दिले असतील, तर P ला २.२९ ने व K ला १.२ ने गुणूनच तुलना करावी.

आता क्षेत्राकडे वळू. बिघ्याचे माप प्रांतागणिक बदलते, म्हणून प्रत्येक क्षेत्र आधी हेक्टरमध्ये आणावे. एक हेक्टर म्हणजे सुमारे ९९ गुंठे. तेव्हा तीस गुंठे म्हणजे साधारण ०.३० हेक्टर. बागायती, वेळेवर पेरलेल्या गव्हासाठी हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश ही शिफारस धरली, तर या शेताला ३६ किलो नत्र, १८ किलो स्फुरद आणि १२ किलो पालाश लागेल.

शेतकऱ्याच्या मनातील दोन पोत्यांतून, म्हणजे १०० किलो खतातून, १० किलो नत्र, २६ किलो स्फुरद आणि २६ किलो पालाश मिळेल. स्फुरद गरजेपेक्षा आठ किलोंनी जास्त होईल आणि पालाश दुपटीहून अधिक पडेल. नत्राची मात्र तिसरा हिस्साही गरज भागणार नाही. पैसा अधिक खर्च होईल आणि पीक तरीही पिवळे पडेल.

संयुक्त खताची मात्रा काढताना ज्या घटकाची गरज सर्वांत आधी पूर्ण होते, त्यापासून सुरुवात करावी. येथे तो घटक पालाश आहे. बारा किलो पालाशासाठी १२ ला ०.२६ ने भागले की सुमारे ४६ किलो खत येते. त्यातून तेवढेच, म्हणजे १२ किलो, स्फुरद आणि ४.६ किलो नत्र मिळते. उरलेल्या सहा किलो स्फुरदासाठी ४६ टक्के स्फुरद असलेले १३ किलो डीएपी पुरते, त्यातून २.३ किलो नत्रही येते. डीएपी न मिळाल्यास १६ टक्के स्फुरदाचे सिंगल सुपर फॉस्फेट ३७.५ किलो द्यावे. त्यात नत्र नसल्याने युरिया पाच किलोंनी वाढवावा.

डीएपी वापरल्यास सुमारे २९ किलो नत्र उरते. युरियात ४६ टक्के नत्र असल्याने त्यासाठी ६३ किलो युरिया लागतो, म्हणजे एक पोते आणि वर १८ किलो. गव्हाला निम्मे नत्र पेरणीवेळी द्यायचे असते. अठरा किलोंपैकी जवळपास सात किलो इतर दोन खतांतून आले आहे, म्हणून पेरणीला २४ किलो युरिया पुरतो. उरलेला ३९ किलो युरिया पेरणीनंतर सुमारे २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या अवस्थेतील पाण्याच्या वेळी द्यावा.

उत्तर पाठवण्यापूर्वी हिशेब उलटा तपासावा. प्रत्येक खताचे किलो त्याच्या टक्केवारीने गुणावेत आणि एकेका घटकाची बेरीज करावी. या उदाहरणात नत्र ३५.९, स्फुरद १७.९ आणि पालाश १२ किलो येते. बेरीज गरजेपासून किलोभराहून अधिक दूर गेली, तर कोठेतरी टक्केवारी, वजन किंवा क्षेत्र चुकले आहे असे समजावे.

या हिशेबालाही मर्यादा आहे. छायाचित्र पोत्यावर छापलेले सांगते, जमिनीत आधीपासून काय आहे ते सांगत नाही. माती परीक्षणाचा अहवाल हाती असल्यास सर्वसाधारण शिफारशीऐवजी त्याने सुचवलेल्या मात्रेपासून हिशेबाला आरंभ करावा. पुढील पायऱ्या त्याच राहतात. आणि शेतकऱ्याला उत्तर पोत्यांत नव्हे, किलोंत द्यावे: "१०:२६:२६ चे ४६ किलो, डीएपी १३ किलो, युरिया पेरणीला २४ आणि पहिल्या पाण्याला ३९ किलो." मग दुसरे पोते विकत घेण्याची गरजच उरत नाही.