काटाकाट करण्यापूर्वी

ज्या अपूर्णांकाच्या अंशात आणि छेदात बहुपदी असतात, त्याला गुणोत्तरीय बैजिक राशी म्हणतात. सरावपत्रिकेत अशी उदाहरणे 'सरळ रूप द्या' या सूचनेखाली येतात. शून्याने भागता येत नाही. त्यामुळे चलाच्या ज्या किमतींनी छेद शून्य होतो, त्या सुरुवातीलाच वगळाव्या लागतात.

पुढील राशी पाहा:

(x² − 9) / (x² − 5x + 6)

अंशाचे अवयव (x − 3)(x + 3) आणि छेदाचे (x − 2)(x − 3) असे पडतात. छेद 2 आणि 3 या किमतींना शून्य होतो, म्हणून x ≠ 2 आणि x ≠ 3 हे आधी लिहून ठेवायचे. मग (x − 3) हा सामाईक अवयव काढला की (x + 3)/(x − 2) उरते. या उत्तरात x = 3 ठेवल्यास 6 मिळतात, पण मूळ राशीत तीच किंमत ठेवली तर 0/0 होते. 3 वगळायचे आहे हे उत्तराकडे पाहून कळत नाही. म्हणूनच वगळायच्या किमती मूळ छेदावरून ठरवायच्या असतात.

इथे बरेच विद्यार्थी वरच्या आणि खालच्या x² वर थेट काट मारतात आणि −9/(−5x + 6) असे उत्तर काढतात. x = 5 ठेवून पडताळा घेतला की चूक उघडी पडते. मूळ राशी 16/6, म्हणजे 8/3 येते, तर या उत्तराची किंमत 9/19 येते. x² हे बेरीज-वजाबाकीने जोडलेले पद आहे, अवयव नाही. अंश आणि छेद यांना एकाच शून्येतर राशीने भागले तर अपूर्णांकाची किंमत बदलत नाही, आणि काट मारणे म्हणजे हेच भागणे. ते संपूर्ण अंशाला व संपूर्ण छेदाला लागू व्हावे लागते, म्हणून काट फक्त गुणाकारातल्या सामाईक अवयवालाच मारता येते.

बेरजेतही अवयवांपासूनच सुरुवात होते.

3/(x² − 3x) + 1/x

पहिला छेद x(x − 3) आहे, म्हणून x ≠ 0 आणि x ≠ 3. छेदांचा लसावि x(x − 3) येतो. दुसऱ्या अपूर्णांकाच्या अंशाला व छेदाला (x − 3) ने गुणले की छेद समान होतात. मग अंशांची बेरीज 3 + (x − 3), म्हणजे x येते. आता x/[x(x − 3)] मधील x हा अंशाचा व छेदाचा अवयव आहे. तो काढल्यावर उत्तर 1/(x − 3) मिळते. x = 5 घेतल्यास मूळ बेरीज 3/10 + 1/5 = 1/2 येते आणि उत्तराची किंमतही 1/2 येते. मात्र बेरीज पूर्ण होण्याआधीच, वेगवेगळ्या अपूर्णांकांतल्या x वर आडवी काट मारता येत नाही.

पूर्ण उत्तर असे लिहितात: 1/(x − 3), x ≠ 0, x ≠ 3.