चार्जिंगला लावला की फोन झपाटतो!

घरभाडं भरायची शेवटची तारीख, रात्रीचे साडेअकरा आणि फोनची बॅटरी ४ टक्के. चार्जर लावला, यूपीआयचा पिन टाकायला गेले, तर २ दाबल्यावर ८ उमटायचा, ५ दाबल्यावर काहीच नाही. तीनदा पिन चुकला आणि बँकेने त्या दिवसापुरतं यूपीआयच बंद केलं. झालं, घरमालकांना सॉरीचा मेसेज!

दुसऱ्या दिवशी रिपेअरवाला म्हणाला, "मॅडम, डिस्प्ले गेला. सहा हजार." पैसे काढणार तेवढ्यात लक्षात आलं, की चार्जर काढला की फोन अगदी शहाण्यासारखा वागतो. मग डिस्प्ले कसा गेला?

ऑफिसातल्या हार्डवेअरवाल्या मित्राने कोडं सोडवलं. स्क्रीनखाली पारदर्शक तारांची बारीक जाळी असते. बोट टेकलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि फोन तो बदल मोजतो. चार्जरच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते. त्यातून निघणारा गोंगाट चांगला चार्जर फिल्टरने दाबतो. माझा होता स्टेशनबाहेरचा दीडशे रुपयांचा. फिल्टरच्या नावाने बोंब! तो गोंगाट केबलमधून येतो आणि अख्खा फोनच विजेच्या भाषेत थरथरतो. आपलं शरीर मात्र जमिनीशी बांधलेलं. त्यामुळे बोट टेकताच तो थरथराट स्क्रीनला स्पर्शासारखा भासतो. म्हणून खोटे टच बहुतेकदा बोटाच्याच सरळ रेषेत उमटतात.

तुम्हीही तपासून बघा. अँड्रॉइड फोनच्या Developer options मध्ये Pointer location चालू करा आणि बोट हळूहळू फिरवा. चार्जर लावल्यावर रेघ तुटते, उड्या मारते? आता तीच केबल पॉवर बँकेला लावा. रेघ सरळ आली तर दोषी चार्जर. चार्जर नसतानाही फोन नाचत असेल, तर मात्र खरंच डिस्प्ले दाखवा.

फोन लॅपटॉपवर चार्ज करताना हेच होत असेल, तर अर्थिंगवर संशय घ्या. लॅपटॉपची तीन पिनांची वायर दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये खुपसली, की अर्थिंग तुटलंच. लॅपटॉपच्या धातूवर हात फिरवताना झिणझिण्या येतात, ती हीच खूण. इलेक्ट्रिशियनला सॉकेट मोजायला सांगा: फेज आणि अर्थमध्ये साधारण २३० व्होल्ट यायला हवेत. दोन पिनांच्या फोन चार्जरला मात्र अर्थिंगची पिनच नसते. तिथे उपाय एकच, चार्जर बदला.

नवा घेताना बीआयएसच्या खुणेखालचा R- ने सुरू होणारा नंबर BIS Care अ‍ॅपवर तपासा. कारण ज्याने फिल्टरचे पैसे वाचवले, त्याने २३० व्होल्ट आणि तुमच्या बोटामधल्या इन्सुलेशनचेही वाचवले असू शकतात.

माझे सहा हजार वाचले. दीडशेवाला चार्जर ई-कचऱ्यात गेला. आणि भाडं? ते दुसऱ्या दिवशी, चार्जर काढून भरलं!