पाळी गेल्यानंतरचं न सांगितलेलं दुखणं

समजा, ५३ वर्षांच्या एका बाईंची पाळी जाऊन चार वर्षं झाली आहेत. लघवीला जळजळ होते म्हणून त्यांनी वर्षात तिसऱ्यांदा अँटिबायोटिक घेतलं, पण लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत. डॉक्टरांना त्या जळजळ सांगतात. शरीरसंबंधाच्या वेळी चिरल्यासारखं दुखतं, हे मात्र सांगत नाहीत. खरं तर दोन्हींचं मूळ एकच असू शकतं.

योनीचं अस्तर जाड, ओलसर आणि लवचिक राहतं ते इस्ट्रोजेन या हॉर्मोनमुळे. पाळी गेल्यावर ते घटतं. अस्तर पातळ होतं, रक्तपुरवठा कमी होतो, पाझरणारी ओल आटते. योनीतली आम्लता राखणारे उपयोगी जीवाणूही कमी होतात आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. मूत्रमार्गही इस्ट्रोजेनवरच अवलंबून असल्यामुळे लघवीला जळजळ होते. अंगातून येणाऱ्या गरम वाफा बहुतेकींच्या कालांतराने ओसरतात. हा कोरडेपणा मात्र उपचारांशिवाय सहसा जात नाही, उलट वाढत जातो.

पहिला उपाय हॉर्मोनविरहित आहे. योनीसाठीचं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा, संबंध असोत वा नसोत, नियमित लावायचं. ल्युब्रिकंट फक्त संबंधांच्या वेळी वापरायचं. खोबरेल तेलाने काहींना बरं वाटतं, पण तेलामुळे लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो. आतून साबण किंवा डेटॉलने धुणं बंदच करावं. त्याने आग वाढते.

एवढ्याने भागलं नाही, तर डॉक्टर योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन देतात. भारतात बहुधा एस्ट्रिऑल क्रीम मिळतं. साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा ते लावतात. पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने लागतात आणि थांबवलं की त्रास परततो, म्हणून दहा दिवसांत ‘उपयोग नाही’ म्हणून सोडू नये. त्यातलं फारच थोडं रक्तात उतरतं. तरीही स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

अस्तर सुधारूनही दुखत असेल तर स्नायूंकडे पाहावं लागतं. दुखण्याच्या धास्तीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप आवळले जातात आणि मग त्यानेच दुखतं. इथे क्रीम पुरत नाही. हे स्नायू सैल सोडायला शिकवणारी फिजिओथेरपी लागते.

पाळी गेल्यानंतर एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी ते कोरडेपणामुळेच असेल असं घरी ठरवू नये; आधी तपासून घ्यावं.

त्या बाईंनी पुढच्या खेपेला एवढंच म्हणावं, “डॉक्टर, जळजळीबरोबर संबंधांच्या वेळीही दुखतं.” मग स्त्रीरोगतज्ज्ञ अस्तर तपासतील आणि कदाचित चौथं अँटिबायोटिक टळेल.